मैत्रिणीची आई गेली, मेसेज लिहिलाय, जरा बघून द्याल का?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची आई परवा गेली. बरेच दिवस आजारी होत्या, शेवटी शेवटी अंथरुणालाच खिळल्या होत्या. मला आज आमच्या ग्रुपवर कळलं. तिथे सगळ्यांनी एकाखाली एक तेच ते चिकटवलंय, मला तसं नकोय, तिला वेगळा मेसेज करायचाय. फोन करायचा धीर होत नाही कारण मधे वर्षभर आमचं बोलणंच नाही, भांडण वगैरे काही नाही, नुसतं राहून गेलं. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून, मराठी बोलते भरपूर पण लिहायची सवय नाही. खाली कच्चा मेसेज देतेय. शुद्धलेखन बघाच, पण त्याहून जास्त म्हणजे एखादं वाक्य तिला लागेल असं नाही ना ते सांगा. तिचं नाव काढून 'अ' केलंय.

"प्रिय अ, तुझ्या आईच्या दुखद निधनाची बातमी ऐकुन मला खुप धक्का बसला. काकू खुप चांगली होती. मी समजु शकते तुला काय वाटत असेल. पण त्या आता त्रासातून सुटल्या असं समज. देव तुला व तुमच्या परिवाराला या दुखातुन सावरण्याची शक्ती देवो आणि काकूंच्या आत्म्यास शांती लाभू दे. काही लागलं तर हक्काने सांग. खंबीर रहा. वर्षभर फोन करू शकले नाही त्याबद्दल माफ कर."

नवाभिडू
भावपूर्ण श्रद्धांजली ताई. तुमच्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. स्वतःची काळजी घ्या.

टिंबटिंब
नवाभिडू, अहो धागाकर्ती ठणठणीत आहे, तिची आईही असेल. धागा वाचा की राव. आणि श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात, मागे राहिलेल्याला नाही.

नवाभिडू
सॉरी सॉरी, शीर्षक बघूनच लिहिलं. पण ताई मेसेज चांगला आहे, असाच पाठवा, भावना महत्त्वाची.

सरळमार्गी
भावना महत्त्वाची असली तरी भाषेची वाट लावायचं कारण नाही. ऐकुन नाही ऐकून, खुप नाही खूप, समजु नाही समजू, दुखातुन नाही दुःखातून. "रहा" ही तर सरसकट होणारी चूक आहे, "राहा" असंच लिहायला हवं. "काही लागलं" हेही अशुद्ध, "काही लागले तर" पाहिजे, लेखी भाषेत वर टिंब देऊन चालत नाही. बाकी "काकू चांगली होती" बरोबर आहे कारण काकू हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी आहे. एवढं केलंत की मेसेज पाठवायला हरकत नाही.

मोरपंखी
धन्यवाद सरळमार्गी. ते ऱ्हस्वदीर्घ मला कधीच जमत नाही.

खोडरबर
मोरपंखी, मी छापखान्यात मुद्रितशोधनात आयुष्य घालवलं, निधनवार्ता आणि शोकसंदेश ढिगाने तपासलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी सरळमार्गींचं. ऐकून, खूप, समजू, दुःखातून हे सगळं त्यांचं बरोबर. 'ऊन' आणि 'तून' शेवटी आले की दीर्घ, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्म्या चुका जातील. "रहा" मात्र चूक नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, १९७२ मध्ये त्यात चार वाढून अठरा झाले, त्यात आज्ञार्थात राहा, पाहा यांच्याबरोबर रहा, पहा लिहायला हरकत नाही असंच म्हटलंय. चूक आहे ती "रहाणे". तसंच "लागलं, झालं, कळलं" हेही. बोलण्यातली भाषा जशीच्या तशी उतरवायची असेल तर टिंब द्यायला मुभा आहे. मैत्रिणीला केलेला मेसेज हे बोलणंच आहे. तिथे "कळले, वाटले, लागले" असं लिहिलंत तर वाक्य इस्त्री केल्यासारखं दिसेल.

आता काकू. "काकू चांगली होती" आणि पुढच्याच ओळीत "त्या सुटल्या". एकच व्यक्ती एका वाक्यात अहो आणि एका वाक्यात अगं झाली. व्याकरणाने एकवचन खरं, पण वडीलधाऱ्यांना आपण आदराने अनेकवचन लावतो, म्हणून "काकू चांगल्या होत्या". दुःखात असलेला माणूस शुद्धलेखन तपासत नाही, पण आईबद्दलची ही "होती" त्याला बरोब्बर टोचते, कुठे टोचलं ते सांगता येत नाही इतकंच. तोच प्रकार "तुला व तुमच्या परिवाराला" याचा. सुरुवात मैत्रिणीशी आणि शेवट सोसायटीच्या नोटिशीसारखा. "तुला आणि घरच्या सगळ्यांना" म्हणा.

सरळमार्गी
खोडरबर काका, अठरा नियम मीही वाचलेत. मुभा म्हणजे आदर्श नव्हे. आदर्श रूप "राहा" हेच.

खोडरबर
मान्य, तुम्ही "राहा" लिहा. तिला चूक म्हणू नका एवढंच म्हणणं.

टिंबटिंब
दोघेही खंबीर रहा / राहा.

आभाळ_१
मला बोलायचंय कारण मी दुसऱ्या बाजूला होते. बाबा गेले तेव्हा फोन नुसता वाजत होता. सगळं वाचलं मी, रात्री झोप नव्हतीच, वाचायला वेळच वेळ होता. शुद्धलेखन एकाचंही आठवत नाही. आठवतंय ते असं की प्रत्येकजण मला काहीतरी करायला सांगत होता. खंबीर हो, आईकडे बघ, काळजी घे, रडू नकोस, काही लागलं तर सांग. आणि मी तिथे बसून विचार करतेय की बाबांचा चष्मा कुठे ठेवू.

मोरपंखी, तुझा मेसेज परत वाच आणि फक्त क्रियापदं बघ. असं समज. हक्काने सांग. खंबीर रहा. माफ कर. छोट्याशा मेसेजमध्ये चार हुकूम आहेत. तुझ्या मनात तसं काही नाही हे मला कळतंय, पण तिकडे ज्याच्या हातात फोन आहे त्याला ती चार कामं वाटतात. त्यातलं शेवटचं सगळ्यात जड. तुला माफ करायचं की नाही हा विचार तिने आज का करायचा? वर्षभर बोललो नाही हे तिला माहितीये. तिनेही केला नव्हता फोन.

मोरपंखी
आभाळ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं माफी नाही मागितली तर निर्लज्जपणा दिसेल, वर्षभर गायब आणि आता एकदम मेसेज.

आभाळ_१
मग "आत्ता कळलं" एवढं लिही. त्यात सगळं येतं. उशीर का झाला तेही आलं आणि कळल्याबरोबर लिहिलं तेही आलं. बाकीचं तिला भेटलीस की बोल, महिन्यांनी बोललीस तरी चालेल.

खोडरबर
हे फार नेमकं सांगितलंत. आणि "आत्ता" असंच लिहा, त-ला-त. नुसतं "आता कळलं" म्हटलं तर आधी कळत नव्हतं असा सूर लागतो.

अक्का_आल्या
अगं पोरी, सगळं ठीक पण देवाचं वाक्य काढू नकोस हं. हल्लीच्या मुलांना देवाचं नाव घ्यायला लाज वाटते. आत्म्यास शांती लाभो हे म्हटल्याशिवाय मेसेज पुरा होत नाही. आम्ही पत्र लिहायचो तेव्हा सुरुवातच "ईश्वरेच्छा बलीयसी" अशी.

मोरपंखी
अक्का, माझी मैत्रीण देव मानत नाही. अजिबात. काकू मानायच्या.

अक्का_आल्या
मग काकूंसाठी लिही ना. शांती काकूंच्या आत्म्याला मागतेस, मैत्रिणीच्या नाही.

टिंबटिंब
अक्कांनी बिनतोड मुद्दा काढला.

निशिगंध
बिनतोड आहे पण मेसेज वाचणार मैत्रीण आहे. मी घरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करण्याचं काम करते, शेवटच्या दिवसांतली घरं खूप बघते. देव न मानणाऱ्या मुलीला "देव शक्ती देवो" वाचून राग येईलच असं नाही, बहुतेक वेळा ती ते वाक्य नजरेआडच करते. म्हणजे नुकसान नाही पण उपयोगही नाही, चार ओळींतली एक ओळ वाया. ती स्वतः देव मानणारी असती तर मी म्हटलं असतं अवश्य लिही, कारण तिला त्यातून आधार मिळतो.

मला जास्त बोलायचंय ते "सुटल्या" बद्दल. हे वाक्य घरातले लोक स्वतः म्हणतात. मुलगा म्हणतो, सून म्हणते, "सुटली बिचारी". अगदी खरं असतं ते. पण तेच बाहेरच्याने आधी म्हटलं की चेहरा बदलतो, मी पाहिलंय. कारण ज्या मुलीने कित्येक महिने कूस बदलून दिली, औषधांच्या वेळा सांभाळल्या, तिला स्वतःलाच मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटत असतं आणि त्याचीच तिला टोचणी असते. त्यावर तू "सुटल्या असं समज" म्हटलंस की ती टोचणी उघडी पडते. तिने म्हटलं तर तू "हो गं, फार सोसलं त्यांनी" म्हण. आपण होऊन नको.

बोलका_पत्थर
मी असहमत. माझे वडील गेले तेव्हा एका मित्राने सरळ म्हटलं, सुटले रे, आणि मला फार मोकळं वाटलं. तोपर्यंत जो तो "अरेरे" करत होता. त्याच्या तोंडून ते आलं म्हणून मला रडू फुटलं. त्यामुळे सरसकट नको म्हणू नका.

निशिगंध
तो मित्र आजारपणात येत जात होता का?

बोलका_पत्थर
हो, जवळजवळ रोज. हॉस्पिटलात रात्री झोपलाय तो.

निशिगंध
मग त्याने घरातल्या माणसासारखं म्हटलं. मोरपंखी वर्षभर संपर्कात नाही म्हणतेय.

बोलका_पत्थर
हं. तरी मला वाटतं मैत्री जुनी असेल तर चालतं. पण लेखी नको हे मानतो, आवाजात ते वेगळं येतं.

सरळमार्गी
"पण त्या आता सुटल्या" यातला "पण" तरी काढा. आधी सांत्वन करायचं आणि लगेच पण म्हणून युक्तिवाद करायचा.

खोडरबर
सरळमार्गी, या वेळी पूर्ण सहमत, तारीख लिहून ठेवा. "पण", "निदान", "तरी" हे तीन शब्द शोकसंदेशात दिसले की मी पेन्सिल उचलायचो. निदान वय तरी झालं होतं, निदान तू जवळ तरी होतास. प्रत्येक "निदान" च्या मागे "म्हणजे तुझं दुःख कमी आहे" असं लपलेलं असतं.

टिंबटिंब
निदान शुद्धलेखन तरी बरोबर होतं.

नवाभिडू
निधन म्हणावं की वारल्या की गेल्या? माझ्या चुलतभावाने एकदा ग्रुपवर "आजी गेली" एवढंच टाकलं होतं तर दुसऱ्याने खाली विचारलं, "कधी परत येणार, मला भेटायचं होतं". खरं सांगतोय. दोन दिवस कोणी काही बोलेना.

टिंबटिंब
नवाभिडू, तू धागा वाचतोयस हे पाहून आनंद झाला, पण चुलतभावाच्या ग्रुपवर तो दुसरा तूच होतास ना?

नवाभिडू
नो कमेंट्स.

खोडरबर
प्रश्न चांगला आहे. "दुःखद निधन" ही वर्तमानपत्राची जोडी, सुखद निधन कोणी छापत नाही. मित्राला लिहिताना नुसतं "निधन" सुद्धा बातमी वाचल्यासारखं लागतं. "वारल्या" मध्ये वाईट काही नाही, पण काही कानांना ते कोरडं वाटतं. घरात आपण "गेल्या" म्हणतो. नवाभिडूंच्या चुलतभावाचा घोटाळा झाला कारण ते दोनच शब्द होते. "काकू गेल्याचं आत्ता कळलं, खूप वाईट वाटलं" असं म्हटलं तर कोणी परत कधी येणार विचारणार नाही.

यात आणखी एक सोय आहे, फार कमी लोकांच्या लक्षात येते. "गेली" लिहायचं की "गेल्या", तुझी आई म्हणायचं की काकू, हा गोंधळ "गेल्याचं" या रूपात राहतच नाही. आई गेल्याचं, काकू गेल्याचं, बाबा गेल्याचं, सगळ्यांना एकच रूप. ज्याला अहो-जाहोची खात्री नाही त्याने हे धरून ठेवावं. आणि "बातमी ऐकुन" काढाच. बातमी म्हटलं की कोणाकडून, कशी, असा पाल्हाळ सुरू होतो. कळलं पुरे.

मोरपंखी
बापरे, केवढं शिकतेय. मग आई लिहू की काकू? आधी तुझ्या आईच्या असं लिहिलंय आणि नंतर काकू.

आभाळ_१
तू समोर काय हाक मारायचीस?

मोरपंखी
काकूच.

आभाळ_१
मग काकू. "तुझी आई" म्हटलं की ती फक्त तिची होते. काकू म्हटलं की त्या तुझ्याही कोणी होत्या.

अक्का_आल्या
धक्का बसला हे राहू दे का? वाईट वाटणं आणि धक्का बसणं यात फरक असतो.

निशिगंध
अक्का, बरेच दिवसांच्या आजारात धक्का घरच्यांनाही नसतो तसा, त्यांना दिसत असतं. बाहेरचा माणूस धक्का बसला म्हणाला की त्याला आजारपणाचं माहीतच नव्हतं असा अर्थ निघतो. मोरपंखी, आजारपण माहीत होतं ना?

मोरपंखी
माहीत होतं. इतकं वाढलंय ते नव्हतं माहीत.

निशिगंध
मग वाईट वाटलं एवढंच.

खोडरबर
आणि "मी समजू शकते" हे शब्दशः मराठी असलं तरी मराठी माणूस असं बोलत नाही, "मला कळतंय" म्हणतो. इथे तेही नको. आई गेल्यावर काय वाटतं हे तुम्हाला अजून कळलेलं नाही, ते न कळो.

राहता राहिलं "काकू खूप चांगल्या होत्या". व्याकरण आता बरोबर, पण हे वाक्य कोणत्याही काकूंना लावता येतं. चांगल्या म्हणजे कशा होत्या? तुम्हाला आठवणारी एक गोष्ट सांगा, इथे, आम्हाला. सजवून नको.

मोरपंखी
आम्ही परीक्षेच्या आधी तिच्या घरी अभ्यासाला बसायचो. काकू आतल्या खोलीत रोजचं शब्दकोडं सोडवत असायच्या. अडल्या की आतूनच ओरडायच्या, "मुलींनो, चार अक्षरी, शेवट र". आम्ही अभ्यास सोडून शब्द शोधत बसायचो. आणि त्या कोडं कायम पेनने भरायच्या, पेन्सिलने नाही. चुकलं तर त्याच चौकोनात वर गिरवायच्या, मग कोणालाच वाचता यायचं नाही, त्यांनाही नाही. बाकी मोठं असं काही आठवत नाही, मला वाटलं होतं हे फार किरकोळ आहे म्हणून लिहिलं नाही.

आभाळ_१
अगं हेच लिही!! बाकी सगळं काढ. माझ्याकडे बाबांबद्दलचे जे दोन मेसेज मी अजून जपून ठेवलेत ते असेच आहेत. एकात लिहिलंय की बाबा बस आली की आधी सगळ्यांना चढू द्यायचे आणि मग स्वतःची बस चुकवायचे. हे मला माहीतच नव्हतं. जी आठवण तुझ्याकडे आहे ती तिच्याकडे असेलच असं नाही, किंवा ती विसरली असेल.

टिंबटिंब
चार अक्षरी, शेवट र... खोडरबर? पाच झाली की काय.

बोलका_पत्थर
खो-ड-र-ब-र. पाच. बस खाली.

खोडरबर
"ओरडायच्या" ला हात लावू? तुम्ही ऐकलंय म्हणून तुम्हाला त्यात प्रेम दिसतं, पण लिहिल्यावर ओरडणं म्हणजे रागावणं. "आतून विचारायच्या" म्हणा. बाकी त्यांचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवा, तिला आवाज ऐकू येईल.

मोरपंखी
नवीन लिहिलंय, बघा:

"अगं अ, काकू गेल्याचं आत्ता कळलं. खूप वाईट वाटलं. आपण अभ्यासाला बसलो की त्या आतून विचारायच्या, 'मुलींनो, चार अक्षरी, शेवट र', ते सारखं कानात येतंय. काही लागलं तर सांग. काकूंच्या आत्म्यास शांती लाभो."

शेवटचं वाक्य अक्कांसाठी ठेवलंय :) आणि "लाभू दे" चं "लाभो" केलं, ते बरोबर ना?

खोडरबर
लाभू दे हेही मराठीच, पण आधी देवो आणि मग लाभू दे असं एका वाक्यात दोन तऱ्हेचं मागणं होत होतं. लाभो ठीक.

अक्का_आल्या
माझ्यासाठी ठेवू नकोस गं, तुला मनापासून म्हणायचं असेल तर ठेव. तुझी मैत्रीण तुला चांगली माहीत.

आभाळ_१
मला "काही लागलं तर सांग" अजून खटकतंय. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. काय लागेल हेच सुचत नसतं आणि सुचलं तरी कोणाला सांगायचं याचा संकोच. एकीने मात्र लिहिलं होतं, "तुझ्या ऑफिसात मी कळवते, फक्त हो लिही". मी हो लिहिलं. त्या आठवड्यात मी कोणाला दिलेलं ते एकमेव उत्तर.

मोरपंखी
मी दुसऱ्या गावी असते, तिच्या ऑफिसात कोणी ओळखीचं नाही. काय करू शकते मी?

निशिगंध
मग तू करणार ते लिही, तिला करायला लागेल ते नको. फोन करणार आहेस का?

मोरपंखी
धीर होत नाही म्हटलं ना. पण करायला हवा. रविवारी करेन, थोडे दिवस जाऊ देते.

निशिगंध
तेच लिही. रविवारी सकाळी फोन करेन, नाही उचललास तरी चालेल. म्हणजे फोन अचानक वाजणार नाही आणि उचलायचंही बंधन नाही. मात्र एकदा लिहिलंस की रविवारी फोन करायचाच, यात टाळाटाळ चालणार नाही.

सरळमार्गी
करेन नव्हे, करीन. करणे सकर्मक आहे. सकर्मकाला ईन, अकर्मकाला एन. मी बसेन, मी करीन. हे तरी खोडरबर काका मान्य करतील.

खोडरबर
पुस्तकात अगदी तसंच आहे आणि मी स्वतः करीनच लिहितो. पण आज बोलताना बहुतेकजण करेन म्हणतात, माझी नातवंडंसुद्धा. मोरपंखींची मैत्रीण तिच्या तोंडून कायम करेन ऐकत आलेली असणार.

सरळमार्गी
म्हणजे बहुमताने व्याकरण ठरवायचं?

खोडरबर
बहुमताने नाही, मैत्रिणीच्या कानाने. नियम तुमच्या बाजूने आहे हे मी नाकारत नाही.

बोलका_पत्थर
यावर वेगळा धागा काढा, इथे बाई गेल्यात.

मोरपंखी
"नाही उचललास" बरोबर आहे का? ती मुलगी आहे ना, उचललीस नको?

खोडरबर
उचललास बरोबर. क्रियापद फोनच्या मागे जातं, तिच्या नाही. फोन पुल्लिंगी, म्हणून तू फोन उचललास. वही असती तर उचललीस.

मोरपंखी
ओके. हे शेवटचं:

"अगं अ, काकू गेल्याचं आत्ता कळलं. खूप वाईट वाटलं. आपण अभ्यासाला बसलो की त्या आतून विचारायच्या, 'मुलींनो, चार अक्षरी, शेवट र', ते सारखं कानात येतंय. उत्तर द्यायची घाई करू नकोस. मी रविवारी सकाळी फोन करेन, नाही उचललास तरी चालेल."

आत्म्याचं वाक्य काढलं अक्का, ती वाचून हसली असती आणि आज तिला हसवायचं नाहीये. दुःख हा शब्दच गेला त्यामुळे तो टाइप करायचा त्रासही वाचला, माझ्या फोनवर तो ते दोन टिंबांचं चिन्ह नीट देत नाही, मी सरळ कोलन टाकायचे.

खोडरबर
कोलन टाकलं की शब्द मधेच तुटल्यासारखा दिसतो. विसर्गाचं वेगळं अक्षर मराठी कीबोर्डवर असतं, बहुधा अनुस्वाराच्या आसपास. बाकी मेसेजात मला खोडायला काही सापडलं नाही.

सरळमार्गी
करेन सोडून.

आभाळ_१
"घाई करू नकोस" हा हुकूम आहे तसा, पण काम काढून घेणारा आहे, चालेल. ग्रुपवर टाकू नकोस हं, तिलाच पाठव. ग्रुपवर एकाने आठवण लिहिली की बाकीच्यांवर लिहायची सक्ती होते.

नवाभिडू
एक विचारू? माझ्या साहेबांचे वडील गेले. त्यांना मी एकदाही भेटलेलो नाही. म्हणजे आठवण वगैरे काही नाही. मग काय लिहू, श्रद्धांजलीच ना?

खोडरबर
नाही हो. जे माहीत नाही ते लिहू नका, "थोर व्यक्तिमत्त्व" वगैरे तर नकोच. "सर, तुमचे वडील गेल्याचं कळलं. वाईट वाटलं. या आठवड्यातलं माझ्याकडचं काम मी बघतो, तुम्ही त्याची काळजी करू नका." इथे तुम्ही, तुमचे असं शेवटपर्यंत सारखं ठेवा. साहेबांशी तुमचं बोलणं औपचारिक असेल तर "कळले, वाटले" लिहिलंत तरी शोभेल, सरळमार्गींनाही बरं वाटेल.

टिंबटिंब
आणि नवाभिडू, पाठवायच्या आधी नक्की कोण गेलंय ते एकदा बघून घे.

मोरपंखी
पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही, आणि मी वाट बघत नाहीये (बघतेय). रविवारी तिने नाही उचलला तर परत करायचा का?

निशिगंध
त्याच दिवशी नको. एक ओळ टाक, "फोन केला होता, पुढच्या आठवड्यात परत करते". आणि पुढच्या आठवड्यात खरंच कर, कारण तोवर बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात.

सरळमार्गी
"परत करते" मध्ये वर्तमानकाळ आलाय पण तो चालतो, नजीकच्या भविष्यासाठी. करेन / करीन चा धागा मी काढलाय, इच्छुकांनी तिकडे यावे.